जपानी मेनू असलेलं किंडल मराठी वाचनासाठी कसं लावावं

प्रश्न: भाच्याने तोक्योहून त्याचं जुनं किंडल पेपरव्हाइट माझ्या सासऱ्यांसाठी पाठवलं आहे. सासरे चिपळूणला असतात, वय ७६, आणि त्यांना मोठ्या अक्षरात मराठी पुस्तकं वाचायची आहेत. चालू केलं तर सगळं जपानीत. काही कळत नाही आणि चुकीचं बटण दाबायची भीती वाटते. आमच्याकडे विंडोजचा लॅपटॉप आहे, काही मराठी पुस्तकं पीडीएफमध्ये आहेत, काही ईपबमध्ये. पुस्तकं त्यात कशी घालायची आणि अक्षर मोठं कसं करायचं?

उत्तर:

आधी भाषा बदला, मग भाच्याचं खातं काढा, मग पुस्तकं घाला आणि अक्षराच्या आकाराला सगळ्यात शेवटी हात लावा. बहुतेक जण थेट पुस्तक घालायला जातात आणि जपानी मेनूत अडकतात. भाषा बदलायला वाय-फाय लागत नाही, कुठलं खातंही लागत नाही, त्यामुळे ते काम आत्ता, हे वाचता वाचताच होऊन जाईल.

किंडल चालू करा. पुस्तकाचं पान उघडलेलं असेल तर पडद्याच्या अगदी वरच्या भागावर एकदा टेकवा, म्हणजे वर पट्टी येईल. तिथल्या घराच्या चित्रावर किंवा मागे जाणाऱ्या बाणावर टेकवून मुख्य पडद्यावर या. आता पडद्याच्या वरच्या कडेवरून बोट खाली ओढा. विमानाचं चित्र, वाय-फायचं चित्र आणि उजेडाची पट्टी असलेला एक छोटा फलक उघडेल. त्यात दातेरी चाकाशेजारी すべての設定 असं लिहिलेलं असतं. ते दाबा. किंडलमधली यंत्रणा जुनी असेल तर बोट ओढून काही होणार नाही. तेव्हा वरच्या पट्टीतलं दातेरी चाक दाबा, किंवा उजव्या टोकाचे तीन उभे ठिपके दाबून येणाऱ्या यादीत 設定 ही दोन अक्षरं शोधा. ही दोन अक्षरं म्हणजे सेटिंग. すべての設定 च्या शेवटीही तीच आहेत.

आता जी यादी येईल तिच्यात एक ओळ तुम्हाला लगेच वाचता येईल, कारण तिच्यात Wi-Fi हे रोमन अक्षरांत असतं. तिच्या आसपास 端末オプション अशी ओळ आहे. ती उघडा. आत 言語と辞書 ही ओळ शोधा, म्हणजे भाषा आणि शब्दकोश. ती उघडल्यावर पहिलीच ओळ 言語, म्हणजे भाषा. कितवी ओळ ते मी मुद्दाम सांगत नाही. यंत्रणेच्या आवृत्तीप्रमाणे ओळी वरखाली होतात आणि 'चौथी ओळ दाबा' असं कुणी सांगितलं म्हणून भलतंच उघडलेलं मी पाहिलं आहे. अक्षरांचा आकार जुळवून पाहा. चार ओळी एका कागदावर मोठ्या छापून किंडलशेजारी ठेवल्या की जुळवणं सोपं जातं:

```
すべての設定
端末オプション
言語と辞書
言語
```

भाषांच्या यादीत प्रत्येक भाषेचं नाव तिच्याच लिपीत असतं, त्यामुळे इथे अडायला होत नाही. English (United Kingdom) निवडा. मग एक चौकट येईल. तिच्यातलं キャンセル म्हणजे रद्द करा, आणि दुसरं OK. ते दाबलं की किंडल आपोआप बंद होऊन पुन्हा चालू होतं. पडदा काळापांढरा लुकलुकेल, मध्ये थोडा वेळ नुसतं चित्र दिसेल. बटण दाबू नका, थांबा. परत आल्यावर सगळं इंग्रजीत असेल.

भीती कशाची धरावी तेही सांगतो, कारण ती फार थोड्या गोष्टींची आहे. 端末オプション च्या आत リセット अशी चार अक्षरांची ओळ किंवा ही अक्षरं असलेली ओळ दिसेल. ती किंडल कोरं करते. चुकून दाबली गेलीच, तरी आधी चौकट उघडून विचारलं जातं. तेव्हा キャンセル दाबा आणि मागे या. तिच्या जवळपासच 再起動 असतं, त्याने किंडल फक्त बंद-चालू होतं, काही पुसलं जात नाही. बाकी कुठलीही ओळ उघडून नुसती पाहिलीत आणि मागच्या बाणाने बाहेर आलात तर काही बिघडत नाही. एखाद्या पडद्यावर खरोखरच अडलात तर फोनच्या कॅमेऱ्यातून भाषांतर करणारं अ‍ॅप वापरा. मात्र कॅमेरा नुसता समोर धरून ठेवू नका, आधी फोटो काढा आणि त्या फोटोचं भाषांतर मागा. हात हलला की समोरचं भाषांतर सतत बदलत राहतं आणि वाचता येत नाही. किंडलचा उजेड कमी करून खिडकीजवळ फोटो काढलात तर अक्षरं स्वच्छ येतात.

आता खातं. ही पायरी लोक गाळतात आणि पुढे महिनाभर गोंधळ होतो. किंडल ज्या अ‍ॅमेझॉन खात्याला जोडलेलं असतं, त्याच खात्याची पुस्तकं त्यात येतात आणि त्याच देशाचं दुकान त्यात उघडतं. तुमच्या हातातलं किंडल अजून भाच्याच्या जपानमधल्या खात्याला जोडलेलं असणार. तसंच वापरलंत तर त्याची जपानी पुस्तकं सासऱ्यांच्या पडद्यावर दिसत राहतील, आणि तुम्ही पाठवलेली पुस्तकं तिथे पोचणार नाहीत. इंग्रजी मेनूत Settings, मग Your Account, आणि तिथे Deregister Device आहे. तुमच्याकडून जमलं नाही तर भाच्याला सांगा. त्याच्या खात्यातल्या किंडलच्या यादीतून तो तोक्योत बसूनच हे काम करू शकतो. किंडल तुमच्या वाय-फायला जोडलेलं असलं की निरोप पोचतो. जोडताना विमानाचं चित्र बंद आहे ना ते पाहा. प्रवासाला पाठवताना पुष्कळदा ते चालू ठेवलेलं असतं, आणि मग वाय-फाय का दिसत नाही म्हणून लोक राउटर तपासत बसतात.

मग तेच किंडल तुमच्या amazon.in च्या खात्याला जोडा. सासऱ्यांचं वेगळं खातं काढायची गरज नाही, उलट तुमचंच असलेलं बरं. पुस्तकं तुम्हीच पाठवणार आहात आणि पासवर्डही तुमच्याच लक्षात राहणार आहे. पण त्या खात्यात पैसे भरायचं कार्ड असेल तर Settings मधल्या Parental Controls मध्ये जाऊन दुकान बंद करा. किंडलवर पुस्तक विकत घेणं एका टेकवण्याचं काम आहे आणि हात थरथरणाऱ्या माणसाकडून ते न कळत होतं.

आता पुस्तकं. कुठलं पुस्तक कसं घालायचं हे तुमच्याकडच्या फाइलवर अवलंबून आहे. पण त्याआधी किंडल कुठल्या पिढीचं आहे ते पाहून घ्या. खालचं चार्जिंगचं तोंड जुन्या अँड्रॉइड फोनसारखं चपटं आणि एकाच बाजूने जाणारं असेल तर ते २०२१ च्या आधीचं पेपरव्हाइट. त्यातही पडदा आणि कडा एका पातळीत असतील तर २०१८ चं, पडदा कडेपेक्षा थोडा खोल असेल तर त्याआधीचं. दोन्ही बाजूंनी जाणारी सी प्रकारची केबल लागत असेल तर २०२१ चं किंवा नंतरचं. तुम्हाला याचा उपयोग केबलपुरता आहे. जुन्या तोंडाच्या पुष्कळ केबल नुसत्या चार्जिंगच्या असतात, त्यांतून फाइल जात नाही. लॅपटॉपला जोडल्यावर किंडलच्या पडद्यावर USB Drive Mode असं आलं तर केबल चांगली आहे. नुसतं बॅटरीवर विजेचं चिन्ह आलं तर केबल बदला, किंडलमध्ये काही बिघाड नाही.

जागेची काळजी करू नका. नुसत्या अक्षरांचं मराठी पुस्तक सहसा एक-दोन एमबीचं असतं, आणि सगळ्यात कमी जागेच्या पेपरव्हाइटमध्येही सासऱ्यांच्या वाचनापेक्षा कितीतरी जास्त पुस्तकं मावतात. जपानमध्ये ३२ जीबीची किंडलं खपतात ती चित्रकथांसाठी, त्यांच्या फाइली फार मोठ्या असतात.

ईपबमधल्या पुस्तकांसाठी सोपी वाट ही: लॅपटॉपवर amazon.in/sendtokindle उघडा, आपल्या खात्याने आत जा, ईपब फाइल त्या पानावर ओढून टाका आणि पाठवा. थोड्या वेळाने किंडल वाय-फायवर असेल तर पुस्तक त्याच्या यादीत येतं. एका फाइलची मर्यादा २०० एमबी आहे, त्यामुळे अक्षरांच्या पुस्तकाला ती कधी आडवी येत नाही. ईपब घेणं अ‍ॅमेझॉनने २०२२ मध्ये सुरू केलं. त्यापूर्वीच्या जुन्या सल्ल्यांत 'मोबी करा आणि पाठवा' असं लिहिलेलं सापडेल, ते आता धरू नका, मोबी या जुन्या प्रकारच्या फाइली त्या वाटेने घेत नाहीत. आणि ईपब केबलने थेट किंडलमध्ये टाकलीत तर ती तिथे पडून राहते पण पुस्तकांच्या यादीत दिसत नाही. 'फाइल गेली, पण पुस्तक दिसत नाही' या तक्रारीचं कारण जवळजवळ नेहमी हेच असतं.

केबलनेच घालायचं असेल, किंवा पाठवलेलं पुस्तक काही कारणाने नाकारलं गेलं, तर लॅपटॉपवर कॅलिबर घ्या. हे फुकट सॉफ्टवेअर कोविद गोयल यांनी २००६ मध्ये स्वतःच्या सोनीच्या ई-रीडरसाठी लिहायला घेतलं आणि आज ई-पुस्तकं सांभाळणाऱ्यांचं ते रोजचं हत्यार आहे. त्यात Add books ने ईपब घ्या, Edit metadata मध्ये Languages च्या रकान्यात Marathi घाला, मग Convert books दाबून उजवीकडे वर AZW3 हा किंडलचा फाइलप्रकार निवडा. झालेली फाइल Send to device ने किंडलमध्ये जाते. हाताने टाकायची असेल तर लॅपटॉपवर Kindle नावाचं जे नवं ड्राइव्ह दिसतं त्यातल्या documents फोल्डरमध्ये ठेवा. मेनू जपानी असला तरी या फोल्डरचं नाव इंग्रजीच असतं. केबल काढण्याआधी विंडोजच्या Eject ने ड्राइव्ह सोडवा, नाहीतर अर्धवट गेलेली फाइल उघडत नाही.

पहिलं पुस्तक गेलं की ते सासऱ्यांच्या हातात द्यायच्या आधी स्वतः दोन पानं वाचा. मराठी अक्षरं नीट जुळतात का ते पाहायचं आहे. 'क्षत्रिय', 'ज्ञान', 'हृदय' असे शब्द सापडतात का बघा, आणि मुख्य म्हणजे 'कुऱ्हाड', 'वाऱ्यावर', 'दुसऱ्या' यांतला अर्धा र. पहिली वेलांटी अक्षराच्या आधी न येता नंतर येत असेल, म्हणजे 'किती'तली वेलांटी क च्या उजवीकडे लटकत असेल, तर त्या किंडलची यंत्रणा देवनागरी जुळवायला कमी पडते आहे. Settings मधल्या Device Options मध्ये Software Update चा पर्याय उजळलेला असेल तर तो घ्या. पण बाकी सगळं ठीक आणि फक्त अर्धा र मोडतो, 'कुऱ्हाड' ऐवजी र, पाय मोडल्याची खूण आणि ह असं सुटं दिसतं, तर दोष पुस्तकाच्या फाइलीत आहे. मराठीचा अर्धा र दोन प्रकारे टंकलेला असतो: एक नुक्त्याच्या ऱ पासून, दुसरा साध्या र नंतर एक न दिसणारं जोडचिन्ह घालून. दुसऱ्या प्रकारातलं ते चिन्ह फाइल इकडून तिकडे होताना कुठेतरी गळतं किंवा दाखवणाऱ्याला समजत नाही. कॅलिबरमध्ये Convert books च्या आत Search & Replace आहे. शोधायच्या खणात पहिली ओळ आणि बदलायच्या खणात दुसरी घाला:

```
र\u094d\u200d
ऱ्
```

पुन्हा AZW3 करा, पुन्हा पाठवा. पुस्तकभर सगळे अर्धे र नीट होतात. मात्र ते चिन्ह आधीच गळून गेलेलं असेल तर ही युक्ती चालत नाही, कारण शोधायला काही उरलेलंच नसतं. तेव्हा त्या पुस्तकाची दुसरी प्रत मिळवणं सोपं.

आता अक्षराचा आकार. पुस्तक उघडा, पानाच्या वरच्या भागावर टेकवा आणि Aa दाबा. चार भाग दिसतील: Themes, Font, Layout, More. Font मध्ये आकाराची वजाबेरजेची पट्टी आहे आणि तिच्याच जोडीला Bold ची पट्टी. माझा अनुभव असा की वयस्कर वाचकासाठी आधी ठळकपणा वाढवावा आणि मग आकार. मराठीची अक्षरं शिरोरेघेखाली दाटीने बसतात, त्यात पातळ रेघा असतील तर मोठं करूनही डोळे आवळून वाचावं लागतं. ठळकपणा एक-दोन पायऱ्या वाढवला की पुष्कळदा वाटलं होतं त्यापेक्षा लहान आकार पुरतो, आणि पानावर चार ओळी जास्त मावतात. सारखं पान उलटावं लागलं की वाचणारा कंटाळतो, म्हणून या चार ओळींना महत्त्व आहे.

नंतर Layout मध्ये जा. ओळींमधलं अंतर मधलं किंवा मोठं ठेवा. मराठीत वरच्या ओळीचे उकार आणि खालच्या ओळीच्या वेलांट्या एकमेकांत घुसतात, इंग्रजीला पुरणारं अंतर आपल्याला पुरत नाही. समास अरुंद करा, म्हणजे मोठ्या अक्षरालाही ओळीत जागा मिळते. आणि Alignment मध्ये दोन्ही कडा जुळवणारा पर्याय सोडून डावीकडे जुळवणारा घ्या. 'विद्यार्थ्यांसाठीच्या' असा लांब शब्द मोठ्या अक्षरात ओळीत मावला नाही की तो अख्खा खाली जातो, आणि दोन्ही कडा जुळवायच्या असल्या की वर उरलेल्या तीन शब्दांमध्ये भगदाडं पडतात. डावी बाजू सरळ आणि उजवी मोकळी ठेवली की हे थांबतं.

Font मध्ये बुकर्ली, सीसिलिया, एम्बर अशी नावं दिसतील. त्यांतलं कुठलंही निवडलं तरी मराठी अक्षराचा चेहरा बदलणार नाही, कारण ते टंक रोमन लिपीचे आहेत. मराठी अक्षर किंडल स्वतःच्या देवनागरी टंकातून काढतं. ते सासऱ्यांना आवडलं तर तसंच राहू द्या. नाही आवडलं तर गुगल फॉन्ट्सवरून 'मुक्त' किंवा 'टिरो देवनागरी मराठी' उतरवा, दोन्ही फुकट आहेत. टिरोमध्ये ल आणि श ची मराठी वळणं आहेत, जुन्या छापील पुस्तकांची सवय असलेल्या डोळ्यांना ती आपली वाटतात. पण त्याच्या रेघा नाजूक आहेत. डोळे फारच कमजोर असतील तर मुक्त घ्या, त्याच्या रेघा सारख्या जाडीच्या आहेत. उतरवलेली झिप उघडून त्यातल्या .ttf फाइली किंडलच्या fonts फोल्डरमध्ये ठेवा. हे फोल्डर documents च्याच शेजारी असतं. झिपमध्ये static नावाचं फोल्डर असेल तर त्यातल्याच Regular आणि Bold घ्या. किंडल सोडवून पुस्तक पुन्हा उघडलं की Font च्या यादीत नवं नाव दिसेल. काही पुस्तकांत प्रकाशकाने स्वतःचा टंक घातलेला असतो, तिथे Publisher Font सोडून तुमचा निवडावा लागतो.

सगळं मनासारखं झालं की Themes मध्ये जाऊन ही मांडणी नाव देऊन साठवा, 'आजोबा' असं काहीतरी सोपं. यालाही कारण आहे. किंडलवर पानावर दोन बोटं टेकवून ती जवळ किंवा लांब केली की अक्षराचा आकार बदलतो. पुस्तक धरताना अंगठा आणि बोट एकाच वेळी पडद्याला लागतात आणि अक्षर एकदम मुंगीएवढं होतं. 'किंडल बिघडलं' असा फोन येतो तेव्हा निम्म्या वेळा हेच झालेलं असतं. मांडणी साठवलेली असली की फोनवर तीन गोष्टी सांगायच्या: वर टेकवा, Aa दाबा, 'आजोबा' दाबा.

मेनूतली आणि पुस्तकांच्या यादीतली अक्षरं मात्र Aa ने बदलत नाहीत. त्यासाठी Settings मध्ये Accessibility खाली Display Size चा पर्याय दिसला तर Large करा. तो नसेल तर यादी चित्ररूपात, म्हणजे मुखपृष्ठं दिसतील अशी ठेवा. सासरे नावापेक्षा मुखपृष्ठावरून पुस्तक लवकर ओळखतील.

पीडीएफचं स्पष्टच सांगतो: तिच्यात अक्षर मोठं होत नाही. पीडीएफ म्हणजे पानाचा साचा. सहा-सात इंचाच्या पडद्यावर डेमी आकाराचं पान आखडून येतं. चिमटीने मोठं केलं की प्रत्येक ओळीसाठी पान डावीउजवीकडे सरकवावं लागतं, आणि असं करत कुणी कादंबरी पुरी करत नाही. आधी तुमच्या पीडीएफ कुठल्या जातीच्या आहेत ते तपासा. लॅपटॉपवर एक ओळ निवडून नोटपॅडमध्ये चिकटवा. तीन गोष्टींपैकी एक होईल.

ओळ मराठीतच उमटली तर पीडीएफ युनिकोडची आहे. ती कॅलिबरमधून AZW3 करून पाहा. पानाच्या वरचं शीर्षक आणि पानांचे आकडे मजकुरात मध्येच घुसतील, परिच्छेदही काही ठिकाणी तुटतील, पण वाचता येईल आणि Aa चालेल. दुसरी शक्यता, 'मराठी' हा शब्द निवडला आणि नोटपॅडमध्ये ejkBh असं काहीतरी आलं. म्हणजे ते पुस्तक कृतिदेवसारख्या जुन्या टंकात जुळवलेलं आहे. तिथे प्रत्येक मराठी अक्षराच्या जागी आतून इंग्रजी अक्षरच असतं आणि टंक त्याला मराठी चेहरा देतो. अशी फाइल बदलली तर किंडलवर पान भरून ejkBh छापाचा मजकूर येईल. युनिकोडमध्ये नेणारी रूपांतरं मिळतात, पण तो टंक नेमका कुठला ते आधी ओळखावं लागतं, आणि नंतर जोडाक्षरं हाताने तपासावी लागतात. आवडत्या एखाद्या पुस्तकासाठी करा, ढीगभरासाठी नको. तिसरी शक्यता, काहीच निवडता येत नाही, म्हणजे पानांचे नुसते फोटो आहेत.

या शेवटच्या दोन प्रकारांसाठी किंडलवर एकच उपाय बऱ्यापैकी चालतो. पीडीएफ केबलने documents मध्ये टाका, उघडा, वर टेकवून Aa मध्ये जा आणि पान आडवं करा, जमलं तर गडदपणाही वाढवा. आडव्या पडद्यावर पानाची रुंदी पूर्ण बसते आणि अक्षर उभ्यापेक्षा बरंच मोठं दिसतं. एक पान दोन-तीन टप्प्यांत वाचावं लागतं, पण ओळीच्या मध्ये सरकवावं लागत नाही. तेही पुरलं नाही तर ते पुस्तक किंडलवर आणू नका, मोठ्या टॅबवर वाचू द्या. नवी पुस्तकं शोधताना मात्र ईपबच शोधा. मराठी विकिस्रोतावर स्वामित्वहक्क संपलेली बरीच जुनी पुस्तकं युनिकोडमध्ये टंकलेली आहेत आणि तिथल्या डाउनलोडच्या बटणावरून ईपब थेट मिळते. amazon.in वरून विकत घेतलेली मराठी पुस्तकं तर Aa च्या सगळ्या सोयींसह येतात. तरी घ्यायच्या आधी नमुन्याची पानं किंडलवर मागवून आकार बदलतो का ते बघा, काही चित्रमय पुस्तकं पीडीएफसारखीच जखडलेली असतात.

किंडल चिपळूणला पोचल्यावर तिथल्या वाय-फायचा पासवर्ड एकदा घालावा लागेल, तो तुम्ही किंवा शेजारचं कुणी समोर असताना घाला. त्यानंतर पुण्यामुंबईत बसून sendtokindle वरून पाठवलेलं पुस्तक सासऱ्यांच्या यादीत आपोआप येईल. तुमच्या खात्यात Manage Your Content and Devices मध्ये Preferences खाली Personal Document Settings आहे. तिथे त्या किंडलचा @kindle.com ने संपणारा पत्ता दिसेल, आणि खाली परवानगी असलेल्या ई-मेलची यादी. भाच्याचा पत्ता त्या यादीत घातलात तर तोही तोक्योहून ईपब जोडून पाठवू शकेल. पत्र पाठवायच्या वाटेला ५० एमबीची मर्यादा आहे. पुस्तक यादीत दिसलं पण उघडत नाही असं सासऱ्यांनी सांगितलं तर आधी विचारा की मुखपृष्ठाच्या कोपऱ्यात बरोबरची खूण आहे का. ती नसेल तर पुस्तक अजून खाली उतरलेलं नाही, वाय-फायजवळ नेऊन त्यावर एकदा टेकवायला सांगा. पडदा पूर्ण थिजला तर खालचं बटण ४० सेकंद दाबून धरायचं आणि सोडायचं. किंडल पुन्हा चालू होतं आणि पुस्तकं, मांडणी, 'आजोबा' सगळं जिथल्या तिथे राहतं.